एआयने पाटीवर काढलेली मराठी अक्षरं सहसा चुकतात: या चुका टाळा, नाव शेवटी टाइप करा

मिठाईच्या दुकानाचा फोटो आहे. पाटीवरचं जुनं नाव काढून तिथे ‘मिष्टान्न भांडार’ असं हवंय. इनपेंटिंगमध्ये, म्हणजे फोटोचा एक भाग ब्रशने झाकून तेवढाच नव्याने काढून घेण्याच्या सोयीत, पाटी झाकली आणि प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे एआयला द्यायच्या सूचनेत, नाव लिहिलं. रंग छान उतरतो, शिरोरेषाही येते, पण तिच्याखाली जे लोंबतं ते कुठल्याच लिपीत वाचता येत नाही. मग दहा वेळा, वीस वेळा ‘जनरेट’ दाबलं जातं. इथेच पहिली चूक होते. वेळ जातो आणि अक्षरं काही सुधारत नाहीत.

कारण मोजूनच पाहू. स्टेबल डिफ्यूजनसारखं चित्रं काढणारं एआय मॉडेल थेट पिक्सेलवर काम करत नाही. ते चित्र आधी उभं-आडवं आठ-आठ पटींनी दाबतं आणि त्या लहान जाळीवर सगळं रेखाटन करतं. फोटोत पाटी ६०० पिक्सेल रुंद असेल आणि अक्षराची उंची ५० पिक्सेल असेल, तर त्या जाळीत एका अक्षराच्या वाट्याला उंचीचे जेमतेम सहा चौकोन येतात. शिरोरेषा, वेलांटी, जोडाक्षर, खालचा उकार हे सगळं सहा चौकोनांत कोंबायचं. अनुस्वाराचा टिंब तर एका चौकोनापेक्षाही लहान. स्टेबल डिफ्यूजन चालवायच्या ऑटोमॅटिक११११ या सॉफ्टवेअरमध्ये `Inpaint area` ला `Only masked` निवडलं की झाकलेला भाग मोठा करून काढला जातो, त्यामुळे कडा सुबक होतात. शुद्धलेखन मात्र सुधारत नाही, कारण त्याचं मूळ दुसरीकडे आहे.

ते मूळ आहे प्रॉम्प्ट वाचणाऱ्या भागात. स्टेबल डिफ्यूजन १.५ मध्ये हे काम क्लिप नावाचं मॉडेल करतं आणि ते मुख्यतः इंग्रजी मजकुरावर शिकलेलं आहे. ‘मिष्टान्न’ हा शब्द संगणकाला नऊ चिन्हांचा दिसतो: म, वेलांटी, ष, हलन्त, ट, काना, न, हलन्त, न. क्लिपचा तुकडे पाडण्याचा नियम मूळ अक्षरं आणि मात्रा वेगळ्या काढतो. म्हणजे वेलांटी म पासून सुटते, हलन्त ष पासून. ‘ष्ट’ ही एक आकृती आहे हे त्याला कळण्याची सोयच उरत नाही. शिवाय शिकवताना चित्र एकूण कसं दिसतं हे तपासलेलं असतं, शब्द बरोबर आहे का हे नाही. म्हणून पाटीवर ‘अक्षरांसारखं काहीतरी’ येतं. काही नवी मॉडेल्स इंग्रजी शब्द बऱ्यापैकी लिहितात, पण त्यावरून मराठी जोडाक्षरांची खात्री धरू नये.

तेव्हा कामाची वाटणी अशी करा: इनपेंटिंगकडून फक्त कोरी पाटी घ्यायची, अक्षरं आपण टाइप करायची.

कोरी पाटी मिळत नाही तेव्हा

प्रॉम्प्टमध्ये `no text` लिहू नका. क्लिपला नकार नीट कळत नाही, ‘टेक्स्ट’ तेवढं कळतं, आणि अक्षरं उलट वाढतात. प्रॉम्प्टमध्ये हवं ते लिहा, `blank painted metal signboard, plain maroon surface`, आणि `text, letters, watermark` हे निगेटिव्ह प्रॉम्प्टच्या खान्यात टाका.

जुन्या नावाची भुतं राहत असतील तर दोन गोष्टी तपासा. एक, मास्क, म्हणजे ब्रशने झाकलेला भाग, अक्षरांच्या अंगाबरोबर कापलेला असतो, त्यामुळे रफार, उकाराचं टोक किंवा अक्षरांची सावली बाहेर राहते आणि मॉडेल तो धागा धरून पुन्हा अक्षरं काढतं. पाटीची चौकट सोडून आतला सगळा पत्रा झाका. दोन, `Masked content` हे `original` वर आणि डिनॉइझिंग, म्हणजे झाकलेला भाग किती बदलायचा याचं प्रमाण, ०.५ च्या आसपास असतं. ते `fill` करा आणि डिनॉइझिंग ०.९ च्या वर न्या.

कम्फीयूआय हे दुसरं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांना आणखी एक फटका बसतो. पाटी झाली, पण शेजारचा फोन नंबर किंवा दरपत्रक पुसट झालं. तिथे साध्या मांडणीत अख्खं चित्र दाबून पुन्हा उलगडलं जातं, त्यामुळे मास्कच्या बाहेरची बारीक अक्षरंही बिघडतात. शेवटी `ImageCompositeMasked` हा नोड जोडून मूळ फोटोवर फक्त झाकलेला भाग चिकटवा.

टाइप करताना

फॉन्ट युनिकोड हवा. जुन्या डीटीपीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर दुसरीकडे चिकटवला की रोमन चिन्हांचा गोंधळ दिसतो. तो दुरुस्त करण्यापेक्षा पुन्हा टाइप करणं सोपं. तिरो देवनागरी मराठी हा फॉन्ट मोफत आहे आणि त्यात ल आणि श मराठी वळणाचे आहेत. पाटीसाठी तो बारीक वाटला तर मुक्ता किंवा बलू २ चा जाड प्रकार घ्या. गिम्पमध्ये टेक्स्ट टूलच्या पर्यायांत भाषा मराठी निवडा. फॉन्टमध्ये मराठी रूपं असतील तर ती त्यामुळे लागू होतात.

वेलांटी म च्या उजवीकडे दिसली किंवा ‘ष् ट’ असा पाय मोडलेला आला, तर तुमचं टायपिंग चुकलेलं नाही. सॉफ्टवेअर अक्षरं जुळवत नाहीये. गिम्पमध्ये हे सहसा होत नाही. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्तीत परिच्छेदाच्या मेनूतून `World-Ready` हा कंपोझर निवडा.

आता पाटीवर बसवणं. मजकुराचा लेयर जशाच्या तसा ठेवून त्याची प्रत काढा, मूळ लपवा आणि प्रतीवरच पर्स्पेक्टिव्ह टूल चालवा; नावात चूक निघाली तर मूळ हाताशी राहतं. फोटोशॉपमध्ये लेयर आधी स्मार्ट ऑब्जेक्ट करून घ्या, मग मजकूर नंतरही बदलता येतो. तिरपेपणा बरोबर आहे का हे शिरोरेषाच सांगते. पाटीची वरची आणि खालची कड ज्या बाजूला एकमेकींकडे झुकतात, शिरोरेषेनेही त्याच बाजूला, त्या दोघींच्या मधल्या उताराने झुकायला हवं. नुसती वरच्या कडेला समांतर केली तर नाव पाटीवरून घसरल्यासारखं दिसतं.

तरीही अक्षरं वर चिकटवल्यासारखी वाटतात, कारण ती फोटोपेक्षा जास्त पांढरी आणि जास्त धारदार असतात. पांढरा रंग फोटोतल्याच एखाद्या उजळ जागेवरून उचला, ०.५ ते ०.८ पिक्सेल ब्लर द्या आणि फोटोत दाणे असतील तर तेवढाच नॉइज घाला. गडद अक्षरं हलक्या पाटीवर असतील तर लेयर मल्टिप्लायवर ठेवा, पत्र्याची सावली आपोआप अक्षरांतून दिसते. हलकी अक्षरं गडद पाटीवर असतील तर मल्टिप्लायमध्ये ती जवळपास नाहीशी होतात. तिथे नॉर्मल ठेवून अपारदर्शकता ९० ते ९५ टक्के करा.

सगळ्यात महागात पडणारी चूक

नाव सुंदर बसलं, आणि मग ‘जरा मोठा करून घेऊ’ म्हणून फोटो एआय अपस्केलरमधून, म्हणजे फोटो मोठा करणाऱ्या सोयीतून, काढला. अपस्केलर ती अक्षरं पुन्हा अंदाजाने काढतो आणि ‘न्न’ चा ‘त्र’ होऊ शकतो. फ्लेक्स किती मोठा छापायचा हे आधी विचारून घ्या, कोऱ्या पाटीचाच फोटो मोठा करा, आणि नाव त्यानंतर टाइप करा. पाठवताना पीएनजी करा. जेपेगमध्ये लाल पाटीवरच्या बारीक अक्षरांच्या कडा फाकतात, आणि व्हॉट्सअॅपवर साधा फोटो म्हणून गेला की तो आणखी दाबला जातो. तिथे डॉक्युमेंट म्हणून पाठवा.