झडतीतले मुस्के : बंदीच्या काळातील आडवळणाची कविता वाचताना या चुका टाळा

पोळ्याच्या तोरणाखाली मोठ्याने म्हटल्या गेलेल्या ओळी म्हणजे झडत्या, भजनी मंडळांच्या वह्या आणि जुन्या माणसांनी तोंडपाठ ठेवलेली पदे गोळा करण्याचे काम यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावातील काही मुले-मुली काही वर्षांपासून करीत आहेत आणि मी त्यांच्याबरोबर ते साहित्य वाचतो. सरकारविरुद्ध उघड बोलणे ज्या काळात धोक्याचे होते, त्या काळातील रचना हाती आली की आमच्याकडून त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा झाल्या आहेत. त्यांतल्या काही मोठ्या चुका येथे मांडतो. उदाहरणासाठी मी स्वतः रचलेली एक झडती घेतो, कारण गोळा केलेल्या रचनांमागे जिवंत माणसे आहेत आणि त्यांच्या ओळींचा अर्थ जाहीरपणे ठरवण्याचा अधिकार मला नाही. ही झडती 1976 च्या पोळ्यात, आणीबाणी चालू असताना म्हटली गेली, असे धरून चालावे.

डवरन सरलं, येचनी झाली,
पऱ्हाटी उपटली, वावर झालं खाली;
तरी बैलाचं मुस्कं सोडत नाही धनी,
म्हनते, हिरवं खायाचं हाये याच्या मनी.
एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव!

पहिली चूक : सत्तेला अर्थ कळला नाही असे गृहीत धरणे

रूपक वापरले म्हणजे कवीने सरकारच्या डोळ्यांत धूळ फेकली, असे आपण सहज म्हणतो. महाराष्ट्रातील दोन खटले याच्या नेमके उलट सांगतात. 15 जून 1897 च्या ‘केसरी’त ‘शिवाजीचे उद्गार’ ही कविता आली. तिच्यात महाराज जागे होऊन आपल्या देशाची आजची दशा पाहतात आणि शोक करतात. इंग्रज सरकारवर सरळ टीका करण्याऐवजी बोलण्याचे काम कवीने महाराजांवर सोपवले होते. एका आठवड्याने, 22 जूनला, पुण्यात रँडवर गोळी झाडली गेली आणि त्यानंतर लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाच्या कलम 124 अ खाली जो खटला झाला, त्यात ही कविता पुराव्यात आली. ज्यूरीतील सहा युरोपीय सदस्यांनी त्यांना दोषी ठरवले, तीन हिंदी सदस्यांनी निर्दोष ठरवले, आणि अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. पुढे 1909 मध्ये बाबाराव सावरकरांना कवितांच्या एका पुस्तिकेसाठी जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. त्या कवितांत देवांची आणि शिवाजी महाराजांसारख्या वीरांची नावे होती. अपील ऐकणाऱ्या उच्च न्यायालयात न्यायमूर्ती चंदावरकर होते. ते मराठी जाणणारे होते, त्यामुळे भाषांतराच्या आडोशाचा प्रश्नच उरला नाही, आणि ही नावे केवळ निमित्त असून खरा उपदेश चालू सरकारविरुद्ध शस्त्र उचलण्याचा आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

मग आडवळणाचा उपयोग काय, हे बंदीच्या प्रकारावर अवलंबून असते आणि वाचकाने आधी तोच प्रकार ओळखला पाहिजे. 1897 आणि 1909 मध्ये कविता आधी छापली जात होती आणि खटला नंतर होत होता. तेथे शब्दशः अर्थ हा आरोपीचा बचाव होता, कारण दडलेला अर्थ न्यायालयात सिद्ध करण्याचे ओझे सरकारवर पडत असे. जून 1975 नंतर वृत्तपत्रांवर छपाईपूर्व तपासणी आली. तेथे न्यायालयात वाद होण्याआधीच अधिकारी ओळ काटत असे, म्हणून त्या काळातील छापील कवितेचा वरचा थर पूर्णपणे निरुपद्रवी असणे आवश्यक होते. झडतीची गोष्ट तिसरी आहे. तोंडी ओळीला तपासणी अधिकारी नसतो, पण ऐकणारा पाटील किंवा पोलीस समोरच उभा असतो, आणि मिसा कायद्याखाली खटल्याविना स्थानबद्ध करता येत असल्याने न्यायालयातील बचावाचा तेथे काहीच उपयोग नव्हता. तेथे रूपकाचे काम इतकेच की ऐकणाऱ्याला हसून सोडून देण्याची वाट मोकळी राहावी. माझ्या झडतीतील शेवटची ओळ तीच वाट देते, कारण हर हर महादेवाच्या गजरात सगळे मिसळून जाते.

दुसरी चूक : प्रत्येक शब्दासमोर एक माणूस लिहून ठेवणे

आमच्या एका मुलीने या झडतीखाली तक्ता काढला: बैल म्हणजे जनता, धनी म्हणजे पंतप्रधान, मुस्कं म्हणजे सेन्सॉरशिप, पऱ्हाटी म्हणजे विरोधी पक्ष. पहिल्या तीन जोड्या वाईट नाहीत, पण चौथी निव्वळ ओढूनताणून आणलेली आहे आणि अशा एका जोडीमुळे सबंध वाचन संशयास्पद होते. तक्ता करण्याआधी शब्दशः चित्र पूर्णपणे समजून घ्यावे लागते आणि ते शेत ठाऊक असलेल्यालाच नीट समजते.

मुस्के म्हणजे सुतळीचे विणलेले जाळे. उभ्या कपाशीत डवरणी, म्हणजे कोळपणी, करताना बैलांनी हिरवे शेंडे खाऊ नयेत म्हणून ते त्यांच्या तोंडाला बांधतात. शेतकऱ्याच्या दृष्टीने ही क्रूरता नाही, ते हंगामाचे साधे काम आहे. तेव्हा ‘मुस्के’ हा शब्द दिसला की लगेच दडपशाहीचा आरोप वाचणे चूक आहे. निषेध त्या शब्दात नसून, चित्र जेथे शेताच्या व्यवहाराला सोडून जाते त्या जागी आहे. पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची झाडे, उपटली, वावर मोकळे झाले, आता वाचवायला हिरवे पीकच राहिलेले नाही, तरी मुस्के सुटत नाही, आणि विचारले तर धनी पिकाकडे बोट न दाखवता बैलाच्या मनाकडे दाखवतो. असा धनी शेतात कोठे दिसत नाही. संरक्षणाचे कारण संपल्यावरही बंधन चालू राहते आणि मग मनातल्या इच्छेलाच गुन्हा ठरवले जाते, हे त्या विसंगतीतून कळते. दडलेला अर्थ आहे की नाही हे तपासण्याची माझ्या माहितीतील सर्वांत भरवशाची खूण हीच आहे. ज्या रूपकात अशी फट सापडत नाही, त्याला साधे शेतीचे गाणे समजण्याची तयारी ठेवावी.

एक फसवी फटही याच ओळींत आहे. पोळा श्रावणी अमावास्येचा, तेव्हा कपाशी उभी असते आणि वेचणीला अजून अवकाश असतो. यावरून कोणी हंगामाचा हा घोळ हीच खरी खूण मानील. परंतु झडती म्हणणारा मागच्या वर्षाबद्दल बोलत असू शकतो, आणि झडतीत काळ मागेपुढे होणे नेहमीचे आहे. म्हणून एका विसंगतीवर इमारत उभी करू नये. ती विसंगती कवितेचा पुढचा शब्दही सांभाळतो का, हे पाहावे. येथे ‘याच्या मनी’ हे शब्द मुस्क्याच्या विसंगतीला सांभाळतात, हंगामाच्या विसंगतीला कोणतीच ओळ सांभाळत नाही.

तिसरी चूक : भाषा शुद्ध करून घेणे

वहीत उतरवताना मुले ‘म्हनते’चे ‘म्हणतो’ करतात. ते एक वेळ सुधारता येते. पण ‘धनी’च्या जागी ‘मालक’ आणि ‘मुस्के’च्या जागी ‘जाळी’ लिहिले की मूळ अर्थ हातातून निसटतो. धनी हा बैलाचा मालक आणि बाईचा नवरा असे दोन्ही असतो, त्यामुळे ही झडती घरातल्या मुस्क्याबद्दलही ऐकता येते आणि म्हणणारा अडचणीत आला तर त्याला ‘मी तर घरातलं बोललो’ असे सांगता येते. तसेच मुस्के हा शब्द कानावर पडताच ‘मुस्कटदाबी’ आठवते. प्रमाण भाषेत ही सावली पडत नाही. ऐकले तसे, उच्चारासकट लिहावे आणि अर्थ समासात द्यावा.

चौथी चूक : काळ अंदाजाने ठरवणे

ओळ पटली की ती आणीबाणीचीच, असे वाटू लागते, कारण तो काळ सर्वांना ठाऊक आहे. माझी झडती 1976 ची आहे असे मी वर धरले. ते गृहीतक काढून घेतले तर हीच झडती सावकाराबद्दलची, जुन्या मालगुजाराबद्दलची किंवा अगदी कालची ठरू शकते. म्हणून पुरावा ओळीच्या बाहेर शोधावा लागतो. वहीच्या मलपृष्ठावर छापलेली कोष्टके पाहावीत. त्यांत आण्यांऐवजी नये पैसे असतील, तर ती वही 1 एप्रिल 1957 च्या आधीची नसते. मात्र ओळीत ‘आणे’ आले म्हणून ती जुनी ठरत नाही, कारण लोक नंतरही कितीतरी वर्षे आण्यांतच बोलत होते. वहीचा काळ हा उतरवण्याचा काळ असतो, रचनेचा नव्हे, हे दोन्ही रकाने वेगळे ठेवावेत.

पाचवी चूक : आडोसा शब्दांतच असतो असे मानणे

आपल्याकडचे उदाहरण ऑगस्ट 1942 मधील चिमूरचे आहे. त्या काळात तुकडोजी महाराजांच्या भजनात झाडे शस्त्रे होतील, भक्तांचे सैन्य होईल, दगड बॉम्ब होतील असे सांगितले जात होते. यात रूपकाचा पडदा शोधत बसणाऱ्याला तो सापडणार नाही, कारण शब्द जवळजवळ उघडच आहेत. आडोसा होता तो भजनाच्या प्रकाराचा, खंजिरीच्या तालावर लोकांनी एकत्र बसण्याचा. तो पुरला नाही. महाराजांना त्याच महिन्यात अटक झाली आणि नागपूर व रायपूरच्या तुरुंगात ठेवण्यात आले. पण म्हणून भक्ती निव्वळ सोंग होती असा उलटा निष्कर्षही काढू नये. त्या मेळाव्यात देव आणि देश हे दोन्ही खरे होते आणि एकाचा अर्थ लावताना दुसऱ्याला पुसून टाकले की भजनाची निम्मी माणसे आपल्याला दिसेनाशी होतात.

जुन्या माणसाला विचारताना

‘आजोबा, यातला धनी म्हणजे इंदिरा गांधीच ना?’ असे विचारल्यावर बहुतेक वेळा ‘हो’ असे उत्तर मिळते, आणि ते वाया जाते, कारण ते उत्तर आपणच त्यांच्या तोंडी घातलेले असते. आम्ही आता एवढेच विचारतो की ही झडती कोण्या सालच्या पोळ्यात ऐकली, तोरणापाशी कोण उभे होते, आणि लोक नेमके कोठे हसले. मुस्क्यावर हसले की ‘मनी’वर, यावर मोठा फरक पडतो. मुस्क्यावर हसू आले असेल तर लोकांनी बैल ऐकला. ‘मनी’वर हसू आले आणि त्यानंतर कोणीतरी घाईने महादेवाचा गजर केला असेल, तर ते आम्ही तसेच, त्या क्रमाने, ओळीच्या खाली लिहून ठेवतो आणि अर्थाचा रकाना मोकळा सोडतो.