ब्रोकरला फोन लावण्याआधी

पुण्यात भाड्याने फ्लॅट शोधायला लागलात की ब्रोकरचा पहिला प्रश्न ठरलेला: "बजेट किती?" नुसतं "पंचवीसपर्यंत" म्हणालात तर तो पंचवीस भाड्याचे फ्लॅट दाखवणार आणि मेंटेनन्स वर निघणार. म्हणून आधी कागदावर दोन आकडे लिहून ठेवा: महिन्याला किती जाणार आणि किल्ली हातात येईल त्या दिवशी किती लागणार. समजा भाडं २४,००० आणि मेंटेनन्स २,०००. महिन्याचे झाले २६,०००. पण पहिल्याच दिवशी तीन महिन्यांचं डिपॉझिट ७२,०००, ब्रोकरेज एका महिन्याचं भाडं, आणि वर हे २६,०००; म्हणजे १,२२,००० तयार हवेत. टेम्पो वेगळा. ब्रोकरेज पंधरा दिवसांच्या भाड्यावर येतं का, हे फ्लॅट बघायच्या आधी विचारायचं. आवडल्यावर विचारलंत तर तो कशाला उतरेल?

तारीख सांगताना सध्याच्या घराची नोटीस डोक्यात ठेवा. महिन्याची नोटीस १ तारखेला देणार असाल, तर रिकामा फ्लॅट तुमच्यासाठी महिनाभर कोणी फुकट थांबवत नाही. "भाडं किल्लीच्या दिवसापासून की टोकन दिल्यापासून?" हे स्पष्ट विचारा. आठवडाभर दोन्हीकडे भाडं पडेल असं धरूनच चाला. रंगकाम, साफसफाई त्यात उरकते. टोकन दिलंत तर व्यवहार फिसकटल्यास ते परत मिळणार का, हे व्हॉट्सॲपवर लिहून घ्या.

आता मालकाला विचारायचं. करार रजिस्टर होणार ना? महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे हा भाड्याचा करार, रजिस्टर करावाच लागतो, आणि ती जबाबदारी कायद्याने मालकावर आहे. नोटरी केलेला स्टॅम्प पेपर पुरत नाही. वरच्या उदाहरणात ११ महिन्यांचं भाडं २,६४,०००. त्यात डिपॉझिटवरचं वर्षाला १० टक्क्यांनी धरलेलं व्याज मिळवून पाव टक्का स्टॅम्प ड्युटी काढली की सातशेच्या आत येते. शहरात नोंदणी फी १,०००. एजंटने पाच हजार सांगितले तर बाकीचे कशाचे, ते विचाराच.

लॉक-इन, म्हणजे ज्याआधी घर सोडता येत नाही तो काळ, किती महिन्यांचा, आणि घर सोडताना रंगाचे पैसे कापणार का? डिपॉझिटवरून भांडणं बहुतेक या रंगावरूनच होतात. शेवटचं वीजबिल मागून थकबाकी बघा. पार्किंग नेमकं कुठलं, ते खाली जाऊन बघून या. बॅचलर असाल तर सोसायटीचा नियम आधीच विचारा, नाहीतर फेरी फुकट जाते.

पाण्याचं मात्र मालकाला विचारू नका. "भरपूर आहे" असंच उत्तर येतं. उतरताना वॉचमनला विचारा, एप्रिलमध्ये टँकर रोज किती येतात, आणि त्याचे पैसे मेंटेनन्समध्येच की वेगळे.