डोक्याला मार लागलेला पेशंट: जीसीएस आणि प्यूपिल तपासताना या चुका टाळा

समजा, बाइकवरून पडलेला २६ वर्षांचा तरुण रात्री ८ वाजता कॅज्युअल्टीत आला. मार डाव्या कानशिलावर, डावी पापणी सुजलेली. डोळे उघडे, बोलणे थोडे गोंधळलेले, सांगितलेले ऐकतो. E4 V4 M6, एकूण १४. दोन्ही प्यूपिल ३ मिमी, उजेडाला लगेच आकुंचन पावणारे.

९ वाजता तो डुलक्या घेतोय. हाक मारल्यावर डोळे उघडतो, बाकी सारे तसेच. विद्यार्थी लिहितो, ‘पेशंट झोपला आहे.’ पहिली चूक इथे होते. चार्टवर E3 V4 M6, म्हणजे १३ यायला हवे. एक गुण कमी होऊन अर्धा तास तसाच राहिला, तरी डॉक्टरांना कळवायचे असते. तोंडाला दारूचा वास येत असला तरी घसरलेला स्कोअर दारूच्या खाती टाकू नका.

९.३० ला हाकेला प्रतिसाद नाही. विद्यार्थ्याने उजव्या बोटाच्या नखाशी पेन दाबले, हात मागे ओढला गेला, म्हणून M4 लिहिले. ही चूक सगळ्यात जास्त दिसते. बोट दाबल्यावर हात मागे घेणे एवढेच त्यातून कळते. दुखण्याची जागा मेंदू ओळखतो का, ते कळत नाही. त्यासाठी मानेच्या बाजूचा ट्रॅपिझियस स्नायू चिमटीत धरून दाब हळूहळू, साधारण १० सेकंद वाढवायचा. आपल्या पेशंटचा डावा हात हाडाच्या वर, म्हणजे कॉलरबोनच्या पलीकडे, त्या चिमटीपर्यंत आला. म्हणून M5. स्कोअर नेहमी चांगल्या बाजूचा धरतात, पण उजवा हात तेवढा उठला नाही हे वेगळे लिहायलाच हवे. डोळे फक्त दाबल्यावर उघडतात, तोंडातून नुसते कण्हणे: E2 V2 M5, एकूण ९.

आता प्यूपिल. डावी पापणी सुजली म्हणून विद्यार्थी तो डोळा सोडून देतो, आणि नेमकी गडबड तिथेच असते. डोळ्याच्या गोळ्यालाच जखम असल्याची शंका नसेल, तर पापणी हळुवार उघडा. खोलीतला उजेड कमी करा, आधी आकार मोजा, मग टॉर्च बाजूने आणा. डावा प्यूपिल ५ मिमी आणि मंद, उजवा ३ मिमी आणि चपळ. कवटी आणि ड्युरा यांच्यामध्ये रक्त साठले की मेंदू दाबला जातो, त्याच बाजूची तिसरी क्रेनियल नर्व्ह चेपली जाते आणि प्यूपिल पसरतो. हातापायांची कमजोरी बहुधा विरुद्ध बाजूला दिसते. डोळ्यालाच मार लागूनही प्यूपिल पसरू शकतो, पण शुद्ध हरपत असताना ते कारण धरून थांबायचे नाही.

फोनवर ‘जीसीएस ९ आहे’ एवढेच सांगणे अपुरे. असे सांगा: “८ वाजता १४ होता, ९ ला १३, आता E2 V2 M5. डावा प्यूपिल ५ मिमी, मंद. उजवा हात कमी हलतोय. लगेच या.”