चार दिवसांची फॅमिली रोड ट्रिप : आधी चौथा दिवस लिहा

तयारीची यादी म्हटलं की सगळे बॅगांपासून सुरू करतात, मी मात्र कागद घेऊन चार ओळी आखते आणि सगळ्यात आधी चौथी ओळ भरते, म्हणजे परतीचा दिवस. चार दिवसांचा प्लॅन बिघडतो तो बहुतेक वेळा तिथेच. जाताना सगळे उत्साहात असतात, वाटेत मुक्काम ठरलेला असतो, मधले दिवस मजेत जातात आणि परतीला "आता कुठे थांबायचं, सरळ घरी जाऊ" म्हणून जाताना दोन दिवसांत कापलेलं अंतर एकाच दिवसात कापायचं ठरतं. तेही सगळे दमलेले असताना, दुसऱ्या दिवशी ऑफिस आणि शाळा असताना.

आमच्या या वेळच्या ट्रिपचंच सांगते. माणसं सहा, आई-बाबा सत्तरीच्या आसपास, मुलं नऊ आणि चार वर्षांची, आणि गाडी चालवणारा एकटा नवरा. सगळ्यांना जायचं होतं ती जागा मॅपवर ७ तास १० मिनिटं दाखवत होती. पहिल्या दिवशी ४ तास, दुसऱ्या दिवशी ३ तास १०, तिसरा दिवस तिथेच, असं छान बसत होतं. मग चौथी ओळ भरायला घेतली आणि तिथे सगळे ७ तास १० एकदम आले.

आता मॅपचा वेळ म्हणजे गाडी फक्त चालत असतानाचा वेळ, हे डोक्यात पक्कं ठेवायचं. त्यात चहा नाही, जेवण नाही, पेट्रोल नाही, चार वर्षांच्या मुलाची "आत्ताच्या आत्ता" वाली सू नाही. मी हिशोब असा करते : दर दोन तासांनी एक ब्रेक, तो पंधरा मिनिटांचा म्हणतात पण आजी-आजोबा आणि मुलं असतील तर वीस मिनिटं धराच, कारण उतरायलाच पाच मिनिटं जातात. वाटेत जेवण असेल तर एक तास, आणि वर चुकलेलं वळण, उलटी, पेट्रोल वगैरेला अर्धा तास. म्हणजे ७ तास १० मध्ये तीन ब्रेकचा एक तास, जेवणाचा एक, वरचा अर्धा, झाले ९ तास ४० मिनिटं. सकाळी ९ ला निघालो तर घरी पोचायला ७ वाजणार, शेवटचा पट्टा अंधारात आणि शहरात शिरतानाच्या गर्दीत. एकट्या ड्रायव्हरवर हे टाकायचं नाही, म्हणून ती जागा आम्ही सोडली. मुलांना वाईट वाटलं, मलाही वाटलं, पण ती जागा पाच दिवस मिळतील तेव्हा करू.

मग मर्यादा ठरवली. एकच ड्रायव्हर असेल तर मॅपचे जास्तीत जास्त साडेचार तास रोज, एखाद्याच दिवशी सव्वापाच चालतील आणि तो दिवस पहिला असावा, कारण तेव्हा सगळे ताजे असतात. शेवटच्या दिवशी साडेतीनच्या वर नाही. चारातला एक दिवस गाडी जागची हलवायची नाही, हलवलीच तर अर्ध्या तासाच्या आत. दोन जण आलटून पालटून चालवणारे असले तरी मी हे आकडे फार वाढवत नाही, कारण ड्रायव्हर बदलतो पण मागच्या सीटवर बसलेल्यांचे पाय आणि कंबर तीच असते. तान्हं बाळ असेल तर अजून कमी, त्याला कारसीटमध्ये सलग दोन तासांच्या वर ठेवू नये असं सांगतात आणि अगदी लहान असेल तर त्याआधीच बाहेर काढावं लागतं.

या मर्यादेत बसणारी दुसरी जागा सापडली, घरापासून ५ तास १५ मिनिटांवर, आणि मग चार ओळी अशा भरल्या. पहिला दिवस ५ तास १५, त्यात दोन ब्रेक, जेवण आणि वरचा अर्धा तास धरून साधारण साडेसात तास, म्हणजे सकाळी ७ ला निघालो तर अडीचला मुक्कामी. हॉटेलचं चेकइनही साधारण दुपारी २ च्या सुमारास असतं, त्यामुळे खोलीसाठी ताटकळत बसावं लागत नाही. दुसरा दिवस शून्य. तिसऱ्या दिवशी ११ ला चेकआउट आणि परतीच्याच वाटेवर पावणेदोन तास मागे सरकायचं, एक ब्रेक धरून १ वाजता पोचायचं, जेवायचं, खोली मिळाली की झोपायचं आणि संध्याकाळी तिथलं काय ते बघायचं. चौथ्या दिवसाला उरले साडेतीन तास, आरामात १० ला निघून सगळे ब्रेक धरून सव्वातीन-साडेतीनला घरी. बॅगा उघडायला आणि मुलांना अंघोळ घालायला संध्याकाळ हातात. तिसऱ्या दिवशीचं हे मागे सरकणं पहिल्यांदा कोणालाच पटत नाही, "चांगली जागा सोडून मध्येच कशाला थांबायचं", पण अख्ख्या प्लॅनची किल्ली तीच आहे.

वेळा लिहिताना अजून दोन गोष्टी तपासा. एक, मॅप रात्री घरी बसून बघू नका, तेव्हा रस्ते रिकामे असतात. गूगल मॅप्समध्ये निघायची वेळ सेट करता येते, तिथे तोच वार आणि तीच वेळ टाका, मग आकडा एका वेळेऐवजी कमी-जास्त असा रेंजमध्ये येतो, त्यातला मोठा धरा. किलोमीटरवर जाऊ नका, घाटातले साठ आणि हायवेचे साठ यांचा काही संबंध नाही. दोन, त्या तारखेला सूर्यास्त किती वाजता आहे ते बघा आणि रोजची पोचायची वेळ त्याच्या किमान एक तास आधीची ठेवा, म्हणजे उशीर झाला तरी उजेडातच पोचता.

दुपारी २ ते ४ मध्ये शरीर आपोआप सुस्तावतं, जेवण झालेलं असलं की जास्तच. त्या वेळात मोठा पट्टा ठेवू नका. ड्रायव्हर "मी ठीक आहे" म्हणतो त्यावर जायचं नाही, शेजारी बसणाऱ्याने बघायचं. सारख्या जांभया, गाडी लेनच्या कडेला सरकणं, माहितीचं वळण चुकणं, मागची काही किलोमीटर कशी गेली ते न आठवणं, यातलं एक जरी दिसलं तरी सुरक्षित जागा बघून थांबायचं आणि पंधरा-वीस मिनिटं झोपायचं. खिडकी उघडून किंवा गाणी मोठी करून ही झोप जात नाही.

आणि प्रत्येक ओळीपुढे एक गोष्ट कंसात लिहून ठेवा, उशीर झाला तर काय गाळायचं ती. आमच्या पहिल्या दिवशी वाटेतला धबधबा कंसात होता. दुसऱ्या ब्रेकला आम्ही पन्नास मिनिटं मागे होतो, आईचे पाय सुजले होते म्हणून ती बराच वेळ चालत राहिली, तेव्हा कागद काढला, धबधबा खोडला आणि कोणाशी काही वाद न होता पुढे निघालो. हा कागद निघायच्या आदल्या दिवशी सगळ्यांना वाचून दाखवा, मुलांनासुद्धा, कंसातल्या गोष्टींसकट.