टीव्हीच्या क्लिपवरून वेगवान गोलंदाजाचा वेग आणि चेंडू सुटण्याची जागा कशी काढावी

‘खेळपट्टी २०.१२ मीटरची, चेंडू बॅटपर्यंत पोचायला लागलेल्या वेळेने भागा, झाला वेग.’ ठाण्या-नवी मुंबईतल्या कुठल्याही नेट्सवर हा सल्ला फुकट मिळतो आणि त्याची किंमतही तेवढीच आहे. २०.१२ मीटर हे स्टंपपासून स्टंपपर्यंतचं अंतर. गोलंदाज स्टंपांतून चेंडू सोडत नाही, फलंदाज स्टंपांत उभा राहत नाही, आणि टप्पा पडल्यावर चेंडूचा वेग दाणकन उतरतो. या हिशेबाने पोराचा वेग नेहमी फुगून येतो. पोरगं खूश, वडील खूश, आणि पहिल्याच निवड चाचणीत स्पीडगन सगळ्यांचं तोंड उतरवते.

मोजायचं ते हातातून सुटल्यापासून टप्प्यापर्यंत. बॅटपर्यंत नाही.

क्लिप

गोलंदाजाच्या पाठीमागच्या उंच कॅमेऱ्याचा, खऱ्या वेगातला शॉट घ्या. स्लो मोशनमधल्या फ्रेम मोजून वेळ काढणाऱ्यांशी मी वाद घालणं सोडून दिलंय. मोबाइलवर स्क्रीन रेकॉर्ड केलेली क्लिपही नको, त्यात फ्रेम दुप्पट होतात नाहीतर गळतात.

आपल्याकडच्या टीव्ही प्रक्षेपणात सेकंदाला २५ फ्रेम असल्या, तरी इंटरलेस्ड रेकॉर्डिंगमध्ये प्रत्येक फ्रेममध्ये दोन वेगवेगळ्या क्षणांच्या अर्ध्या-अर्ध्या ओळी असतात. त्या सुट्या केल्या की सेकंदाला ५० चित्रं मिळतात:

```
ffmpeg -i ball.ts -vf bwdif=mode=send_field -c:v libx264 -crf 12 ball50.mp4
```

मग एकेक चित्र पुढे सरकवून बघा. लागोपाठची दोन चित्रं हुबेहूब सारखी निघाली, तर क्लिप मुळातच २५ची आहे. तिच्यावर काम होतं, पण चूक दुप्पट होते.

खेळपट्टीचा नकाशा

पॉपिंग क्रीज आणि रिटर्न क्रीज जिथे मिळतात, ते दोन्ही टोकांचे मिळून चार कोपरे घ्या. दोन पॉपिंग क्रीजमधलं अंतर १७.६८ मीटर, आणि मधल्या स्टंपपासून रिटर्न क्रीज दोन्ही बाजूंना १.३२ मीटरवर. पॉपिंग क्रीजची स्टंपांकडची कड धरा, रिटर्न क्रीजची आतली. रेघेची जाडी मध्ये आणू नका.

```python
import cv2, numpy as np
px = np.float32([[764,860],[1156,860],[1117,500],[803,500]])
m  = np.float32([[-1.32,0],[1.32,0],[1.32,17.68],[-1.32,17.68]])
H  = cv2.getPerspectiveTransform(px, m)
print(cv2.perspectiveTransform(np.float32([[[955,591]]]), H))
```

उत्तरातला दुसरा आकडा म्हणजे गोलंदाजाच्या पॉपिंग क्रीजपासूनचं अंतर. वरच्या बिंदूसाठी ते १२.४ मीटर येतं. चेंडू टाकला जात असताना कॅमेरामन झूम करत असतो, म्हणून सुटण्याच्या चित्राचे कोपरे वेगळे आणि टप्प्याच्या चित्राचे वेगळे घ्यायचे. एकदाच घेऊन दोन्हीकडे वापरले की अंतर गेलं.

चेंडू नेमका कुठे सुटला

खरी ग्यानबाची मेख इथे आहे, आणि मला सगळ्यात जास्त वेळ इथेच लागला. नकाशा जमिनीचा असतो. जमिनीवर असलेल्या वस्तूसाठीच तो खरा. हातातला चेंडू जमिनीपासून दोन मीटर वर असतो. तो बिंदू नकाशात टाकला, तर नकाशा समजतो की आपण त्याच्या मागे दिसणारी जमीन दाखवतोय.

किती फरक पडतो ते पाहा. समजा, कॅमेरा १२ मीटर उंचावर आणि क्रीजच्या ७० मीटर मागे आहे. नेरूळच्या डी. वाय. पाटीलसारख्या मोठ्या स्टेडियममधला शॉट म्हणा. २.१ मीटर उंचीवरचा चेंडू नकाशात जवळजवळ १५ मीटर पुढे सरकतो. म्हणजे चेंडू सुटतो तेव्हाच तो फलंदाजाच्या पायाशी पोचलेला, आणि टप्पा मात्र १२.४ मीटरवर. चेंडू उलटा आला! असं उत्तर आलं की निदान चूक कळते तरी. भीती असते ती खालच्या-वरच्या बिंदूंची जुळवाजुळव करून ‘बरोबर वाटणारं’ उत्तर काढणाऱ्यांची.

म्हणून सुटण्याची जागा चेंडूवरून काढायचीच नाही, पायावरून काढायची. पुढचा पाय जमिनीवर असतो, तो नकाशात खरा बसतो. त्याच्या किती पुढे हात रिकामा झाला, ते बाजूच्या कॅमेऱ्याच्या रीप्लेमध्ये पाहायचं. नो-बॉल तपासायला दाखवतात तो क्रीजच्या रेषेतला शॉट उत्तम. तिथे स्लो मोशन चालतं, कारण आपल्याला वेळ नको, फक्त अंतर हवंय. चेंडूपासून सरळ खाली ओळंबा सोडा आणि स्टंप ते पॉपिंग क्रीज हे १.२२ मीटर मोजपट्टी म्हणून वापरा. असा रीप्ले नसेल, तर मी क्रीजच्या ०.३ मीटर पुढे धरतो आणि उत्तरात तेवढाच पुढे-मागे फरक मान्य करतो.

आता उंची. गोलंदाजाच्या टोकाचे स्टंप अंपायरच्या आडून दिसत असतील तर पट्टी तयार आहे: जमिनीपासून स्टंपाच्या टोकापर्यंत ७१.१ सेंटिमीटर, बेल्स सोडून. आपल्या उदाहरणात स्टंप १०६ पिक्सेल उंच दिसतात. चेंडू क्रीजच्या ०.३५ मीटर पुढे सुटला; तिथली जमीन चित्रात क्रीजच्या रेघेपेक्षा नऊएक पिक्सेल वर येते. त्या जमिनीपासून चेंडूचा मध्य ३०८ पिक्सेल वर. गुणाकार केला की २.०७ मीटर. स्टंप चेंडूपेक्षा कॅमेऱ्याला दीडेक मीटर जवळ आहेत, म्हणून दोन टक्के वाढवायचे: २.११ मीटर. ही उंची क्रीजच्या रेघेपासून मोजली असती तर सहा सेंटिमीटर चुकली असती.

आडवं अंतर त्यामानाने सोपं. चेंडूखालच्या ओळंब्याचं मधल्या स्टंपाच्या रेषेपासूनचं अंतर ८२ पिक्सेल, रिटर्न क्रीजमधले २.६४ मीटर म्हणजे ३९२ पिक्सेल. चेंडू ०.५५ मीटर बाजूने सुटला.

चेंडू नेमका कधी सुटला

ताशी १३६ किलोमीटरचा चेंडू सेकंदाच्या ५०व्या हिश्शात ७५ सेंटिमीटर जातो. त्यामुळे एका चित्रात तो बोटांत असतो आणि पुढच्यात हवेत. ‘हातात दिसलेलं शेवटचं चित्र’ हीच वेळ धरणारे दर चेंडूला वेग कमी काढतात, ‘हवेत दिसलेलं पहिलं’ धरणारे जास्त.

मधली वेळ हात सांगतो. मागून पाहताना खांद्यापासून हाताची उंची मोजा आणि हात उभा असतानाच्या उंचीशी तिचं प्रमाण काढा. आपल्या चेंडूत ११२व्या चित्रात हात उभा व्हायच्या आधी ९५ टक्के उंचीवर आहे, म्हणजे उभ्या रेषेपासून १८ अंश मागे. ११३व्यात रिकामा हात पुढे झुकून ९० टक्क्यांवर, म्हणजे २६ अंश पुढे. एका चित्रात ४४ अंश. बाजूच्या रीप्लेमध्ये हा गोलंदाज हात उभा असताना चेंडू सोडताना दिसला, तेव्हा १८ भागिले ४४: सुटण्याची वेळ ११२.४. हात एकसारख्या गतीने फिरत नाही, मान्य. पण अर्ध्या चित्राची चूक पाव चित्रावर येते आणि ते पुरतं.

टप्पा

मागच्या कॅमेऱ्यात चेंडू हातापासून टप्प्यापर्यंत जेमतेम पन्नासेक पिक्सेल खाली येतो, आणि टप्प्यानंतर झपकन वर चढतो. टप्प्याआधीची चार-पाच आणि नंतरची तीन-चार ठिकाणं आलेखावर मांडा, दोन रेषा काढा. त्या मिळतात ती वेळ आणि ती ओळ टप्प्याची. ठिकाणं फलंदाजाच्या स्टंपाच्या बुडापासून मोजा, म्हणजे कॅमेरा हलल्याचा त्रास होत नाही. दिवसाच्या सामन्यात सावली चेंडूला येऊन भिडते, ती उत्तम साक्ष. प्रकाशझोतात सावल्या चार दिशांना फुटतात, त्यांच्या नादी लागू नका.

चेंडूचा मध्य नाही, खालची कड धरा. मध्य जमिनीपासून साडेतीन सेंटिमीटर वर असतो आणि या कॅमेऱ्यात तेवढ्याने टप्पा पाव मीटर पुढे जातो.

हिशेब

टप्पा १२.४ मीटरवर, वेळ १२९.२. सुटला ०.३५ वर, वेळ ११२.४. आडवं अंतर १२.०५ मीटर, आणि दोन मीटर खाली आल्यामुळे तिरका मार्ग १२.२ मीटर. १६.८ चित्रं म्हणजे ०.३३६ सेकंद. सरासरी वेग सेकंदाला ३६.३ मीटर, ताशी १३१ किलोमीटर.

स्पीडगन मात्र हातातून सुटतानाचा वेग दाखवते. हवेच्या रोधाने एवढ्या अंतरात चेंडूचा वेग साधारण आठ टक्के उतरतो, म्हणून सरासरी सुरुवातीच्या वेगापेक्षा चारेक टक्के कमी असते. तेवढे वाढवले की १३६. वेळेची आणि अंतराची चूक धरून मी ‘१३२ ते १४०’ असं सांगतो. ऐरोलीच्या एका मुलाचे वडील म्हणाले, “दादा, एकच आकडा सांगा ना.” एकच आकडा सांगायला स्पीडगन लागते.

हाच चेंडू बॅटपर्यंत २५ चित्रांत, म्हणजे अर्ध्या सेकंदात पोचला. २०.१२ भागिले ०.५ केलं असतं तर ताशी १४५ निघाले असते. याच पद्धतीने कुणाचा वेग १६१.३च्या वर गेला, तर शोएब अख्तरचा २००३च्या विश्वचषकातला विक्रम मोडला असं समजू नका, फ्रेम पुन्हा मोजा.

पडद्यावर वेग दाखवलेले आठ-दहा चेंडू आधी मोजून पाहा. तुमचा आकडा सतत एकाच बाजूला जात असेल, तर सुटण्याची वेळ धरण्याची तुमची सवय तपासा. नकाशात इतकी एकतर्फी चूक क्वचित असते. आणि स्थानिक स्पर्धांचं यूट्यूबवरचं प्रक्षेपण, ज्यात कॅमेरा साइटस्क्रीनमागे जेमतेम तीन मीटर उंचीवर बांधलेला असतो, ते माझ्याकडे आणू नका. एवढ्या खालून खेळपट्टी मूठभर ओळींत दबते, टप्पा एक पिक्सेल चुकला तरी अंतर फार हलतं. त्यातून बाजूचं अंतर काढून देईन, वेग नाही.