काळ्या-पांढऱ्या फरशीवरून खुर्ची पुसायची असेल तर

फोनमधला मॅजिक इरेझर फोटोतलं काहीही गायब करतो असं दाखवणारे व्हिडिओ नीट बघा. मागे बहुतेक वेळा आकाश, वाळू नाहीतर गवत असतं. गवताचं एक पातं इकडचं तिकडे झालं तर कुणाच्या बापाला कळत नाही. फरशीचं तसं नसतं. पुढची लादी कुठे यायला हवी हे बघणाऱ्याच्या डोळ्याला आधीच ठाऊक असतं. फोन मात्र लाद्या मोजत नाही, तो आजूबाजूला बघून अंदाजाने जागा भरतो. त्यामुळे ‘एक मोठा गोल काढा की झालं’ हा सल्ला फरशीपुरता विसरा.

सांगलीतल्या एका मंगल कार्यालयातला भाचीचा फोटो घेऊ. खाली काळ्या-पांढऱ्या लाद्या बुद्धिबळाच्या पटासारख्या, मागे साधी पिवळट भिंत आणि भाचीच्या शेजारी लाल प्लास्टिकची खुर्ची. खुर्चीची पाठ भिंतीवर येते, ती एका फटक्यात पुसा. तिथे काही कौशल्य लागत नाही.

खरी गंमत पायांपाशी सुरू होते. पाय आणि बैठक एकदम पुसलीत तर हमखास दोन काळ्या लाद्या शेजारी-शेजारी येतात, किंवा सांधा मध्येच वळतो आणि पुढे विरघळून जातो. याचं कारण साधं आहे. सांध्याची रेघ पुसलेल्या जागेच्या दोन्ही बाजूंना दिसत असेल आणि मधलं अंतर थोडं असेल, तर फोन ती बऱ्यापैकी जोडतो. एक टोक झाकलं गेलं की तो मनाची रेघ काढतो. शिवाय जवळच्या लाद्या मोठ्या आणि लांबच्या बारीक दिसतात, हे गणितही त्याचं मोठ्या जागेत चुकतं.

म्हणून फोटो भरपूर मोठा करा. बोटाची जाडी तीच राहते, पण फोटोवर पडणारा पट्टा बारीक होतो. आता एकावेळी एकच पाय, तोही तुकड्या-तुकड्यांत. एका तुकड्यात एकच सांधा येऊ द्या. चार लाद्यांचे कोपरे जिथे मिळतात ती जागा सगळ्यात शेवटी, आजूबाजूच्या रेघा सरळ झाल्यावरच. पायाची सावली आणि चकचकीत लादीत पडलेलं लाल प्रतिबिंब त्याच पट्ट्यात घ्या, नाहीतर खुर्ची जाते आणि तिचं भूत राहतं.

तुकडा वाकडा आला तर लगेच Undo. त्याच जागेवर पुन्हा पुन्हा बोट घासायचं नाही, हे मी घरच्यांना सांगून थकलो. पुढच्या खेपेला फोन आधीचा चुकीचा भरावच खरा धरतो. मग डाग पसरतो आणि लादी पुसट होते.

झालं की लाद्या मोजा. एकाच ओळीत पुसलेल्या जागेच्या डावीकडची आणि उजवीकडची लादी दोन्ही काळ्या असतील, तर मधे एक, तीन, पाच अशा विषमच लाद्या हव्यात. एक काळी आणि एक पांढरी असेल तर मधल्या लाद्या सम हव्यात, किंवा मधे काहीच नको. मग सांध्याला कागदाची सरळ कड लावून बघा. आडवी रेघ सरळ चालली पाहिजे, आणि लांब जाणाऱ्या रेघा शेजारच्या रेघांबरोबर मागे जवळ-जवळ येत गेल्या पाहिजेत.

बैठकीखाली सलग तीन लाद्या पूर्ण झाकल्या असतील तर इरेझरने हट्ट करू नका, जमत नाही. खरी लादी उचलून बसवता येईल असं क्लोनचं साधन असलेलं अ‍ॅप घ्या आणि त्याच आडव्या ओळीतली, दोन घरं पलीकडची लादी आणा. रंग जुळतो, उंचीही जुळते. पुढच्या-मागच्या ओळीतली आणलीत तर लगेच डोळ्यात खुपते. एवढा खटाटोप नको असेल तर फोटो कापून टाका, त्यात कमीपणा नाही.

गुगल फोटोजच्या इरेझरमध्ये Camouflage नावाचा पर्याय आहे, त्याकडे फारसं कुणी बघत नाही. तो वस्तू पुसत नाही, तिचा भडक रंग उतरवून आसपासच्या रंगात मिसळतो. लाल खुर्ची राखाडी होते, फरशीला धक्का लागत नाही आणि नजर भाचीकडे जाते.

गजांच्या कुंपणाला फरशीचेच नियम: पट्टा गजाला आडवा, अरुंद, आणि शेवटी गज मोजायचे. गर्दीत मात्र इरेझर काढूच नका. संस्थान गणपतीच्या मिरवणुकीतला एक माणूस पुसलात तर त्याच्या जागी अर्धं तोंड नाहीतर तीन हातांचा कुणीतरी उभा राहतो, कारण त्याच्या मागे कोण होतं हे फोनला कळायला वावच नसतो. तिथे भडक शर्टाला Camouflage लावा आणि माणसाला राहू द्या.