‘टेन्शन’ सुटं कसं करावं: भावनांना नेमकं नाव देण्याची पद्धत

‘खूप टेन्शन आहे’, ‘डोकं खराब झालं’, ‘जीव घाबरून राहिला’. नागपुरात दिवसभरात ही वाक्यं कितीदा कानावर पडतात. त्यात खोटं काही नसतं, पण पुढे काय करायचं हे त्यातून कळत नाही. टेन्शनमध्ये बाबांच्या तब्येतीची धास्ती असू शकते, भावावरची चीड असू शकते, अर्धवट राहिलेलं काम असू शकतं, नुसती अपुरी झोपही असू शकते. या चारही गोष्टींवरचे उपाय वेगळे आहेत. सगळ्यांना एकच नाव मिळालं की चौघी मिळून एकदम अंगावर येतात आणि त्यांतली एकही हाताला लागत नाही.

मानसशास्त्रज्ञ लिसा फेल्डमन बॅरेट यांनी या विषयावर बरंच काम केलं आहे. त्यांच्या गटाच्या २००१ मधल्या अभ्यासात लोकांनी दोन आठवडे आपल्या भावनांच्या नोंदी ठेवल्या. ज्यांना त्रासदायक भावनांमधले बारीक फरक करता येत होते, ते त्या भावना हाताळण्यासाठी जास्त काही करत होते, आणि भावना तीव्र असताना हा फरक अधिक दिसला. मानसशास्त्रज्ञ मॅथ्यू लिबरमन यांच्या २००७ च्या प्रयोगात फोटोतल्या चेहऱ्यावरच्या भावनेला शब्द दिला की मेंदूतल्या अमिग्डाला या भागाची हालचाल कमी झालेली दिसली. हा भाग धोक्याची चाहूल घेणाऱ्या यंत्रणेचा आहे. २०१२ मध्ये कोळ्याला घाबरणाऱ्या लोकांवर प्रयोग झाला. जिवंत कोळ्यासमोर ज्यांनी आपली भीती शब्दांत बोलून दाखवली, त्यांच्या हाताला आठवड्यानंतर इतरांपेक्षा कमी घाम सुटला. ‘भीती किती वाटते’ या प्रश्नाला मात्र सगळ्यांची उत्तरं साधारण सारखीच होती. म्हणून नाव दिल्यावर लगेच हलकं वाटलं नाही तरी ते वाया गेलं असं समजू नका.

आधी शरीराकडे पाहा

कागद घेण्याआधी तीन गोष्टी तपासा: काल किती तास झोप झाली, शेवटचं पोटभर कधी खाल्लं आणि पाणी किती प्यायलात. एप्रिल-मे महिन्यात नागपुरात हे विशेष जपावं. उकाड्याने आणि कूलरच्या आवाजाने तुटलेली झोप, अंगातलं कमी झालेलं पाणी, त्यामुळे वाढलेले ठोके आणि जड डोकं हे सगळं आतून अगदी काळजीसारखंच जाणवतं. मग मन त्या धडधडीला कारण शोधतं, आणि काही ना काही सापडतंच. म्हणून आधी पाणी प्या, काही खा आणि वीस मिनिटं थांबा. जे तेवढ्याने ओसरलं त्याला भावनेचं नाव द्यायची गरज नाही, तो शीण होता.

रडू आवरत नसेल किंवा हात थरथरत असतील तर त्या क्षणी नावं शोधू नका. तेव्हा ‘आत्ता मला फार त्रास होतोय’ एवढं म्हटलं तरी पुरे. बाकीचं काम थोडं शांत झाल्यावर करा.

गोळा फोडा

कागदावर वर ‘टेन्शन’ लिहा आणि खाली एकेका ओळीत त्यात काय काय आहे ते मांडा. प्रत्येक ओळ एखाद्या घटनेची, माणसाची किंवा कामाची असू द्या. ‘आयुष्य’ किंवा ‘घरचं सगळं’ ही ओळ चालणार नाही. दहा मिनिटांहून जास्त वेळ देऊ नका. बहुधा तीन ते पाच ओळी होतात. पंधरा झाल्या तर एकच गोष्ट वेगवेगळ्या शब्दांत आली आहे का ते बघा.

प्रत्येक ओळीचा काळ विचारा

आमच्या मते ही पायरी सर्वांत उपयोगी आहे, कारण तिने शब्दांची निवड चटकन अरुंद होते. ही गोष्ट अजून व्हायची आहे, आत्ता चालू आहे, की होऊन गेली?

व्हायची असेल तर काळजी, धाकधूक, धास्ती, हुरहुर यांतलं काहीतरी असेल. काळजीत मन उपाय शोधत असतं. धास्तीत ते एकाच वाईट शक्यतेवर अडकून बसतं. धाकधुकीत निकाल दोन्हीकडे झुकू शकतो. चालू असेल तर दडपण, वैताग, घुसमट, चीड, एकटेपणा. होऊन गेली असेल तर रुखरुख, हळहळ, खंत, अपराधीपणा, शरम.

यांत शेवटच्या दोघांमध्ये फार गल्लत होते. अपराधीपणा केलेल्या गोष्टीबद्दल असतो: ‘मी त्याच्यावर ओरडले.’ शरम स्वतःबद्दल असते: ‘मी आई म्हणूनच वाईट.’ पहिलीला माफी मागून, चूक दुरुस्त करून वाट मिळते. दुसरीत माणूस लपतो, फोन उचलत नाही. शरमेला चुकून अपराधीपणा म्हटलं तर माणूस माफी मागतच राहतो आणि तरी मोकळं वाटत नाही. तिथे विश्वासातल्या कोणाला तरी ती गोष्ट सांगणं जास्त कामी येतं.

रागाचीही हीच गत. वाटेत काही आडवं आलं तर वैताग, अन्याय पुन्हा पुन्हा झाला तर चीड, आपल्या माणसाने किंमत ठेवली नाही तर दुखावलं जाणं. बाहेरून तिन्हींचा आवाज सारखाच चढलेला असतो. ओळखायला एक प्रश्न पुरतो: समोरच्याने आत्ता ते काम करून टाकलं तर हे जाईल का? गेलं तर वैताग होता. ‘काम झालं तरी आत काहीतरी राहीलच’ असं वाटलं तर बहुधा तुम्ही दुखावले गेले आहात.

एक पूर्ण उदाहरण

समजा, मानेवाड्यात राहणारी एक शिक्षिका आहे. एप्रिलचा शेवटचा आठवडा, मंगळवारची रात्र. ‘सगळं अंगावर आलंय, दहापैकी नऊ,’ असं तिला वाटतंय. पाच तास झोप झाली आहे आणि सकाळची शाळा करून दुपारी ती उन्हातून घरी आली आहे. दोन ग्लास पाणी आणि दहीभातानंतर डोकं थोडं उतरतं. मग ती चार ओळी लिहिते आणि प्रत्येक ओळ दहापैकी किती जाणवते तो आकडा पुढे टाकते.

पहिली ओळ: शुक्रवारी धंतोलीतल्या एका हॉस्पिटलात बाबांची अँजिओग्राफी. तिने आधी लिहिलं ‘भीती’. मग स्वतःला विचारलं, नेमकी कशाची? तपासणीत ब्लॉकेज दिसला तर तिथल्या तिथे स्टेंट टाकायचा का, हे तिलाच विचारतील आणि सही तिलाच करावी लागेल. म्हणजे ही एकटीवर निर्णय येण्याची धास्ती, दहापैकी सहा. आता काय करायचं ते दिसतं. उद्या डॉक्टरांना विचारायचं की त्या दिवशी कोणकोणते निर्णय घ्यावे लागू शकतात, आणि मग ते बाबांशी बोलून ठेवायचे.

दुसरी ओळ: पुण्याचा भाऊ. तो फोनवर म्हणाला, ‘तू तिथंच आहेस ना जवळ, पाहून घे.’ तिने लिहिलं ‘राग’. तो आला तर जाईल का? निम्माच जाईल, कारण तिचं करणं त्याने गृहीत धरलं ते राहीलच. म्हणजे थोडी चीड आणि बरंचसं दुखावलं जाणं, दहापैकी पाच. त्यामुळे फोनवर ‘तुला काही पडलेलीच नाही’ असं न म्हणता तिला दोन वेगळी वाक्यं बोलता येतात: ‘तू पाहून घे म्हणालास ते मला लागलं,’ आणि ‘शुक्रवारी सकाळी मला तू इथे हवा आहेस.’

तिसरी ओळ: सेहेचाळीस निकालपत्रकं, गुरुवारपर्यंत. हे दडपण, चार. आज तेवीस आणि उद्या तेवीस अशी वाटणी केल्यावर त्यात फारसं काही उरत नाही.

चौथी: पाणी सांडलं म्हणून मुलावर ओरडली. रुखरुख, दोन. झोपण्याआधी त्याला जवळ घेऊन ‘चुकलं माझं’ म्हणायचं.

सहा, पाच, चार आणि दोन यांची बेरीज करायची नाही. सुरुवातीचा नऊ हा आकडा सगळं एकत्र गुंतल्यामुळे आला होता. धास्ती अजूनही सहाच आहे, पण आता ती शुक्रवारची आहे. मुलाच्या सांडलेल्या पाण्यावर किंवा निकालपत्रकांवर ती पसरत नाही.

कुठे चुकतं

सर्वांत नेहमीची चूक म्हणजे विचाराला भावना समजणं. ‘मला वाटतं की त्याला माझी किंमत नाही’ हे त्याच्याबद्दलचं अनुमान झालं. ‘वाटतं की’ आलं की थांबा आणि विचारा, हे खरं असेल तर मला काय होतं? उत्तर एका शब्दात आलं पाहिजे.

दुसरी चूक म्हणजे नावाऐवजी कहाणी लिहिणं. भावाने दहा वर्षांपूर्वी काय केलं तिथपर्यंत कागद पोचला तर ते नाव देणं उरत नाही, उगाळणं होतं. याची खूण सोपी आहे: लिहून झाल्यावर आकडा वाढलेला असतो आणि करायचं काहीच सुचलेलं नसतं. अशा वेळी कागद बाजूला ठेवा, दुसऱ्या दिवशी पुन्हा ओळीपासून सुरू करा.

नाव घट्ट धरून ठेवू नका. २०२१ मध्ये झालेल्या काही प्रयोगांत असं दिसलं की भावनेला आधी नाव दिल्यावर त्या प्रसंगाकडे वेगळ्या नजरेने पाहणं लोकांना उलट कठीण गेलं. त्यामुळे घटनेचा अर्थच अजून नक्की नसेल, उदाहरणार्थ भावाने घाईत बोललं की ठरवून हेच माहीत नसेल, तर आधी ते विचारून घ्या आणि नाव नंतर द्या. दिलेलं नाव दुसऱ्या दिवशी बदलावंसं वाटलं तर खुशाल बदला.

आणि हे काम स्वतःपुरतंच करा. ‘तुला मत्सर वाटतोय’ असं नवऱ्याला किंवा जावेला सांगितलं तर तो आरोप होतो. लहान मुलांना मात्र शब्द लागतात. तेही विचारूनच द्यावेत: ‘हिरमुसलास का रे, की राग आलाय?’

काही वेळा चांगले प्रयत्न करूनही शब्द सापडतच नाही, सगळं नुसतं बधिर वाटतं. दोन आठवड्यांहून जास्त काळ असं राहिलं, झोप-भूक बिघडली किंवा जगू नये असे विचार आले, तर कागदावर अवलंबून राहू नका. टेली-मानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत आणि मराठीतही मिळते. नागपुरात प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, आणि मेडिकल कॉलेजच्या मानसोपचार विभागातही दाखवता येतं. तिथे जाताना वर केलेल्या ओळींचा कागद सोबत न्या. डॉक्टर पहिल्यांदा हेच विचारतात की नेमकं काय होतं आणि केव्हापासून.